आजोबांना जाऊन आज एक वर्ष झालं

त्या सकाळी आजोबा फिरायला गेले आणि रस्त्यातच कोसळले. आम्ही कुणीच जवळ नव्हतो. तुम्ही होतात.

तुमच्यापैकी एकाने त्यांचा श्वास थांबलेला पाहून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात केली. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दाब उथळ पडू लागतो; म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत तुम्ही तिघे आळीपाळीने दाबत राहिलात, असं नंतर कळलं. एका ताईंनी त्यांच्या खिशातल्या डायरीतून घरचा नंबर शोधला. चष्मा कुणीतरी रुमालात गुंडाळून दिला. तो रुमाल आजही आमच्याकडे आहे, धुऊन, घडी घालून.

आजोबा त्यानंतर दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ शुद्धीवर आले, आजीचा हात धरला आणि विचारलं, "माझा चष्मा कुठाय?" (त्यांना कायम चष्म्याचीच काळजी!) आजीने तो स्वतःच्या हाताने त्यांना घातला.

ते दोन दिवस आम्हाला तुमच्यामुळे मिळाले. तुमची नावं विचारायची राहून गेली. आजी आणि आम्हा सर्वांकडून तुमचे मनापासून आभार.