‘हवामाना’चा आडोसा

विमान ऐनवेळी रद्द झाले की काउंटरवर ‘हवामान खराब आहे, आमच्या हातात काही नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमांनुसार धुके, वादळ अशा कारणांनी माफ होते ती फक्त रोख भरपाई. पर्यायी उड्डाण की पूर्ण परतावा, ही निवड प्रवाशाचीच. विमानतळावर हजर झालेल्यांना पर्यायी विमान येईपर्यंत खाणेपिणेही द्यावे लागते. हॉटेलबाबत मात्र नियम मोघम आहे. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानच्या उड्डाणाला ६ तासांहून अधिक उशीर झाल्यास खोली मिळते. पण ही स्पष्ट अट विलंबाच्या कलमात आहे. रद्द उड्डाणालाही ती लावावी. नाहीतर म्हातारीकोतारी माणसे रात्रभर खुर्चीतच!

— एक प्रवासी, पुणे