तडा गेलेली बरणी, टवका उडालेले झाकण आणि मोडका तवा: ३,२३० रुपये परत मिळण्याबाबत

दिनांक: १६ मे २०२५
सांगली

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी २ मे रोजी आपल्या संकेतस्थळावरून चिनी मातीच्या तीन बरण्या आणि बिडाचा एक तवा मागवला. वाहतुकीचे १२० रुपये धरून ३,६२० रुपये आगाऊ भरले. ८ मे रोजी दुपारी खोका घरी आला. चारपैकी तीन वस्तू वापरता येणार नाहीत अशा अवस्थेत निघाल्या. त्याच रात्री नऊ वाजता मी आपल्याला ईमेलने अकरा फोटो पाठवले. १४ मे रोजी आपल्या ग्राहक विभागाने माझी मागणी नाकारली आणि पुढच्या खरेदीसाठी ३०० रुपयांचे कूपन देऊ केले. ते मला मान्य नाही. का मान्य नाही, ते वस्तूवार लिहिते.

पाच लिटरची बरणी, किंमत १,१५० रुपये. तपकिरी रंग संपून पांढरा सुरू होतो, तिथून खाली पोटापर्यंत साधारण अकरा सेंटिमीटरचा केसाएवढा तडा आहे. फोटोत तो पुसट दिसतो, म्हणून आपल्या प्रतिनिधींनी ‘ही झिलईवरची रेघ आहे, वापराला अडचण नाही’ असे उत्तर दिले. ती नुसती रेघ नाही. चांगल्या बरणीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. ही बरणी बद्द वाजते. तेवढ्यावर न थांबता मी तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरले आणि ती रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी तड्याच्या बाजूचा कागद ओला होता आणि बाहेरून तड्यावर हात फिरवला तर ओल लागत होती. म्हणजे तडा आरपार आहे. अशा बरणीत लोणचे घातले तर खार आणि तेल तड्यातून आतल्या मातीत मुरते, ते पुन्हा धुऊन निघत नाही, आणि लोणच्याला वास धरतो. आपण ही बरणी ‘लोणच्यासाठी’ म्हणून विकली आहे आणि त्या कामाला ती उपयोगाची नाही.

दोन लिटरची बरणी, किंमत ६४० रुपये. बरणी धड आहे, पण झाकणाच्या कडेचा दोन सेंटिमीटरचा टवका उडाला असून आतली कच्ची, खरखरीत माती उघडी पडली आहे. झाकण बसवले की तिथे फट राहते आणि बोट फिरवले की मातीचे कण सुटतात. वरून दादरा बांधला तरी ते कण लोणच्यात पडायचे थांबणार नाहीत. आपण ‘फक्त झाकण बदलून देतो’ असे सुचवले होते. मी त्याचा विचार केला. पण भट्टीत माती आकसते आणि प्रत्येक नग थोडा वेगळा आकसतो, त्यामुळे एका बरणीचे झाकण दुसरीवर नीट बसेलच असे नाही. झाकण आणि बरणी जोडीनेच बदलावी लागेल.

बिडाचा तवा, किंमत १,३२० रुपये. तव्याचा एक कान मुळापासून मोडून खोक्यातच पडला होता. याबाबत आपल्याकडून आलेले उत्तर वाचून मला वाईट वाटले. ‘बिडाला गंज येणे स्वाभाविक आहे, तेल लावून तापवून घ्या’ असे त्यात लिहिले आहे. मी गंजाची तक्रार केलेलीच नाही. मोडलेल्या कानाचे दोन फोटो पाठवले होते, ते कुणी उघडून पाहिले नसावेत. बीड वाकत नाही, मोडते, आणि मोडलेला कान घरी जोडता येत नाही. साधारण दोन किलोंचा तापलेला तवा एका कानावर उचलणे धोक्याचे आहे.

एक लिटरची बरणी, ३९० रुपयांची, सुंदर आहे. ती मी ठेवून घेत आहे आणि तिचे पैसे मागत नाही. मात्र तीच या तक्रारीतला सर्वांत बोलका पुरावा आहे.

आपले मुख्य म्हणणे असे, की नुकसान कुरिअरकडून झाले, आपल्याकडून नाही. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. खोका वाटेत पडला असेल, हे मी नाकारत नाही. पण एक लिटरची बरणी त्याच खोक्यातून, त्याच रस्त्याने आली आणि तिला ओरखडाही नाही, कारण ती चारही बाजूंनी चुरगळलेल्या कागदात घट्ट बसवलेली होती. मोठ्या बरणीशेजारी मात्र तवा उभा सरकवला होता. मध्ये पुठ्ठा नव्हता, बबल रॅपचा एकच पदर होता आणि तोही फाटलेला. बरणीवर जिथून तडा सुरू होतो, तिथेच पांढऱ्या झिलईवर लोखंडाचा करडा ओरखडा उमटला आहे (फोटो क्रमांक ७). तव्याची कड तिथे आपटली. तव्याचा मोडलेला कान चेपलेल्या कोपऱ्यातच होता, आणि मोडलेली जागा स्वच्छ करडी आहे, तिथे गंज नाही, म्हणजे तो प्रवासातच मोडला. दोन किलोंचे बीड आणि चिनी माती एका खोक्यात मोकळी ठेवल्यावर दुसरे काय होणार? हा दोष बांधणीचा आहे आणि बांधणी आपण केली.

‘खोका उघडतानाचा व्हिडिओ नाही’ हे नकाराचे दुसरे कारण. मी ऑर्डर दिली तेव्हा वस्तूच्या पानावर अशी अट नव्हती. त्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत आहे. खोका न उघडता सहा बाजूंनी काढलेले फोटो, आतली मांडणी आणि प्रत्येक वस्तू, हे सर्व मी पहिल्याच दिवशी दिले आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास आणि तिचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणेही त्यातच आहे. माझ्या ८ मेच्या तक्रारीची पोच ११ मे रोजी दुपारी आली. महिना ८ जूनला पूर्ण होईल.

माझी मागणी अशी: तिन्ही वस्तूंचे ३,११० आणि वाहतुकीचे १२०, असे ३,२३० रुपये, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत आणि वस्तू आपल्या खर्चाने घेऊन जाव्यात. वस्तू मी मूळ खोक्यात जपून ठेवल्या आहेत. पैशांऐवजी बदली वस्तू द्यायच्या असतील तर माझी हरकत नाही, पण तवा वेगळ्या खोक्यात यावा आणि बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे आडपडदे असावेत. तशाच बांधणीत आलेला दुसरा खोका मी स्वीकारणार नाही.

चार किलो कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून तयार होत्या. शेजारच्या काकूंनी काचेच्या बरण्या दिल्या म्हणून त्या वाचल्या. त्या धावपळीची भरपाई मी आज मागत नाही. ८ जूनपर्यंत निवारण न झाल्यास मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन, आणि त्यात मनस्तापाची व खर्चाची मागणीही असेल.

आपण स्वतः फोटो क्रमांक ७ पाहावा आणि लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक ८ मेच्या ईमेलप्रमाणे)

सोबत: अकरा फोटो, पाण्याच्या चाचणीचे दोन फोटो, बिलाची प्रत, वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, १४ मेचे आपले उत्तर.