थोडक्यात लिहिलेली बातमी सोपी असतेच असे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना वर्तमानपत्राची गोडी लावण्याविषयीच्या आपल्या लेखात, मोठ्यांची बातमी थोडक्यात करून मुलांपुढे ठेवावी, असा सल्ला होता. मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते आणि हिंदी बातम्या मुलांसाठी पुन्हा लिहिण्याचे काम गेली काही वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून या सल्ल्याशी मी सहमत नाही.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडमधील सिलक्यारा बोगद्यात मजूर अडकले होते. त्यांच्या सुटकेची बातमी मी मुलांसाठी निवडली. हिंदी वर्तमानपत्री वळणाचे एक वाक्य नमुन्यादाखल देते : ‘उत्तरकाशी की निर्माणाधीन सिलक्यारा सुरंग का एक भाग ढह जाने से 12 नवंबर से फंसे 41 श्रमिकों को 17 दिन चले बचाव अभियान के उपरांत मंगलवार को सकुशल बाहर निकाल लिया गया।’ वाक्य एकच असले तरी शब्द बत्तीस आहेत आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी येते. अवघड शब्दांइतकाच ‘से’ आणि ‘को’ यांचाही त्रास मुलांना होतो. ‘ढह जाने से’ हे कारण आहे, तर लगेच पुढे येणारे ‘12 नवंबर से’ हा काळ आहे. ‘श्रमिकों को’ म्हणजे ज्यांना बाहेर काढले ते, आणि ‘मंगलवार को’ म्हणजे कधी काढले तो दिवस. आठ वर्षांच्या मुलाने हे चारही अर्थ वेगवेगळे धरून ठेवायचे आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचायचे, ही अपेक्षा फार मोठी आहे. शिवाय ‘निकाल लिया गया’ म्हणताना कोणी काढले हे वाक्य सांगतच नाही, आणि मुलांचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

माझा पहिला प्रयत्न फसला तो काटछाटीमुळेच. ‘सुरंग गिरी। 41 श्रमिक फंसे। 17 दिन बाद निकले।’ असे मी लिहिले. मुलांनी ते भराभर वाचलेही, पण पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावल्यावर एका मुलीने विचारले, “दीदी, दरवाज़ा नहीं था क्या?” रस्ता बंद झाला, म्हणून ते आत राहिले, हा दुवाच मी कापून टाकला होता. दुसऱ्या वेळी मी घटना घडल्या त्या क्रमाने लिहिल्या. सुरुवात अशी होती : ‘दिवाली की सुबह थी। पहाड़ के अंदर एक सुरंग बन रही थी। अचानक उसका एक हिस्सा टूटकर गिर गया और रास्ता बंद हो गया। इसलिए 41 मज़दूर अंदर रह गए।’ सगळा मजकूर मूळ वाक्यापेक्षा लांबला, तरी या वेळी मुलांना तो नीट सांगता आला. ‘इसलिए’ हा शब्द मी आता कधीही गाळत नाही.

आपल्यासारख्या मराठी भाषकांची एक चूक येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. ‘श्रमिक’, ‘उपरांत’ हे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, म्हणून ते सोपे आहेत असे आपण धरून चालतो. हिंदी घरातले मूल मात्र ‘मज़दूर’ आणि ‘बाद’ ऐकत वाढलेले असते. महाराष्ट्रात पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हिंदी मजकूर सोपा करणाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे. तिथे ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ यांसारखे ओळखीचे शब्दच मुलांना चकवतात, कारण हिंदीत त्यांचा अर्थ शिक्षण आणि प्रयत्न असा आहे.

अर्थ मात्र बदलता कामा नये. ‘सकुशल’साठी मी आधी ‘किसी को चोट नहीं आई’ असे लिहिले होते, पण मूळ मजकूर एवढे सांगत नव्हता, म्हणून ते खोडून ‘सही-सलामत’ केले. ‘सुरंग’ आणि ‘मलबा’ हे शब्द मी तसेच ठेवले, कारण त्यांच्याशिवाय बातमीच उरत नाही. ‘मलबा’ म्हणजे काय हे मात्र तिथेच एका वाक्यात सांगितले : ‘टूटकर गिरे पत्थर और मिट्टी को मलबा कहते हैं।’

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘रैट माइनर’ या शब्दावर. खोदकामाचे यंत्र तुटल्यावर शेवटचे काही मीटर ज्यांनी हाताने खणले, त्यांना बातम्यांत हे नाव होते. त्याचे शब्दशः भाषांतर मी वाचून दाखवले तेव्हा दोन मुलांनी उंदरांनी बोगदा खणला असे चित्र काढले. मग मी लिहिले : ‘कुछ लोग तंग जगह में लेटकर या बैठकर हाथ के औज़ारों से खोदना जानते हैं। मशीन टूट गई, तब उन्होंने बाकी मलबा खोदा।’ उंदराची उपमा मी पूर्ण काढून टाकली. त्यानंतरच्या चित्रांत माणसे होती, त्यांच्या हातात फावडी होती, आणि एका मुलाने आतल्या मजुरांपर्यंत जेवण पोचवणारी नळीही काढली होती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, इंदूर