टायरचे तेल काढण्याआधी

महोदय,

जुन्या टायरपासून तेल काढणाऱ्या प्रकल्पांचे स्वागत करणारा लेख आपल्या अंकात वाचला. उघड्यावर टायर जाळण्यापेक्षा पायरोलिसिस, म्हणजे हवेशिवाय तापवून तेल काढणे, बरा, हे लेखकाचे म्हणणे मान्य. पण टायर गोटा झाला की थेट भट्टीत, असा जो सूर लेखात आहे, तो पटत नाही. माझी सारी नोकरी रिट्रेडिंगमध्ये, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवण्याच्या कामात झाली, म्हणून हे लिहितो आहे.

ट्रकचा टायर घ्या. नवा असताना त्याचे वजन साधारण 60 किलो. त्यातले झिजते ते वरच्या पट्ट्याचे दहा-बारा किलो रबर. बाकीचे केसिंग, म्हणजे पोलादी तारांचा सांगाडा आणि बाजूच्या भिंती, बहुतेक वेळा शाबूत असते. रिट्रेडिंगमध्ये उरलेली नक्षी बफिंग मशीनवर खरवडतात, खिळ्यांची भोके बुजवतात, कच्च्या रबराचा पातळ थर देऊन त्यावर नवा पट्टा गुंडाळतात आणि बंद चेंबरमध्ये 100 ते 120 अंश सेल्सिअसला काही तास दाबाखाली ठेवतात. ‘रिमोल्डचा काय भरवसा?’ असे विचारणारे ज्या विमानातून फिरतात, त्याची चाकेही बहुधा अशीच पुन्हा पुन्हा रिट्रेड केलेली असतात.

केसिंग वाया जाते ते बहुतेकदा वापरणाऱ्याच्या हातून. नक्षी तीन-चार मिलिमीटर उरली असताना टायर उतरवला तर काम होते. तारा दिसेपर्यंत पळवला तर पाणी शिरून त्या गंजतात आणि नवा पट्टा धरत नाही. कमी हवेवर चाललेला टायर बाहेरून धडधाकट दिसतो, पण आत हात फिरवला की अस्तरावर सुरकुत्या लागतात, रंग निळसर पडलेला असतो, कधी बोटांना रबराचा भुगा चिकटतो. भिंतीतल्या तारा थकलेला असा टायर हवा भरताना चेन उघडावी तसा फाटू शकतो. तो नाकारायचाच.

नाकारलेल्या टायरचे पुढे काय? हे रबर गंधकाने पक्के बांधलेले असल्यामुळे प्लास्टिकसारखे वितळवून नवे करता येत नाही. म्हणून ते दळतात, लोहचुंबकाने तारा आणि हवेच्या झोताने धागे वेगळे करतात. हा भुगा, म्हणजे क्रंब रबर, रस्त्याच्या डांबरात चांगला कामी येतो. मात्र गरम डांबरात तो फुगायला वेळ द्यावा लागतो आणि मिश्रण ढवळत ठेवावे लागते, नाहीतर तळाशी बसतो. कृत्रिम हिरवळीवर सुटा पसरण्याचा मार्ग मात्र बंद होत चालला आहे: सूक्ष्म प्लास्टिकवरील 2023 च्या नियमाने युरोपीय संघाने अशा भुग्याच्या विक्रीला 2031 पर्यंतचीच मुदत दिली आहे.

आता पायरोलिसिस. बंद रिअॅक्टरमध्ये, हवेशिवाय, 400 ते 500 अंशांवर टायर तापवले की रबराची वाफ होते आणि ती थंड करून तेल मिळते. दहा टन टायरांच्या एका घाणीतून, म्हणजे एका खेपेतून, ढोबळमानाने चार टन तेल, तीन-साडेतीन टन काजळी आणि उरलेले पोलाद व वायू. तेलात गंधक असते, काजळीत टायरमधले जस्त आणि राख उतरते, म्हणून दोन्हींना दर्जा कमीच.

पण खरी अडचण दार उघडताना येते. घाणी संपल्यावर रिअॅक्टर पूर्ण निवू द्यायचा असतो आणि त्यात तास जातात. दिवसात आणखी एक घाणी बसवायची म्हणून दार गरम असतानाच उघडले, तर आत राहिलेली वाफ आणि तापलेली काजळी हवेला भेटते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर भडका येतो. भडका झाला नाही तरी पिठासारखी काजळी उडते. ती बंद नळीतल्या स्क्रूने बाहेर न काढता फावड्याने ओढत असतील, तर परिसरातली पाने आणि वाळत घातलेले कपडे काळे पडून तसे सांगतातच. थंड करूनही तेल न झालेला वायू भट्टीखाली जाळायचा किंवा फ्लेअरला, म्हणजे उरलेला वायू जाळून टाकणाऱ्या नळीला, न्यायचा असतो. तो तसाच सोडला की दूरवर वास येतो.

हवा शिरली की हा प्रकार उघड्यावर जाळण्याच्याच जवळ जातो. तसे जळताना बेंझिन, सल्फर डायऑक्साइड आणि कर्करोगाशी संबंधित काजळीतली संयुगे बाहेर पडतात, शिवाय रबरातून सुटलेले तेल जमिनीत मुरते. कॅनडातील हॅगर्सव्हिल येथे 1990 मध्ये टायरांचा प्रचंड ढीग पेटला, तो विझवायला 17 दिवस लागले. टायरच्या पोकळीत हवा कोंडलेली असते, पाणी आतपर्यंत पोचत नाही, आणि जे पोचते ते तेल घेऊन ओढ्याला मिळते.

आपल्या बातमीदारांनी पुढच्या वेळी अशा प्रकल्पात जाताना तीन गोष्टी विचाराव्यात: दार किती तापमानाला उघडता, काजळी कशी बाहेर काढता, आणि इथे आलेल्या टायरांपैकी किती रिट्रेडिंगवाल्यांनी तपासून नाकारलेले आहेत?

– एक निवृत्त रिट्रेडिंग तंत्रज्ञ