जावानीज म्हणजे नेमकी कोणती?

महोदय,

कालच्या अंकातला, जावा बेटावरच्या कृषी पत्रकांविषयीचा लेख वाचून राहवलं नाही. ‘म्हाताऱ्या शेतकऱ्यांसाठी पत्रक जावानीजमध्येच काढावं’ असं सांगून लेखक मोकळे झाले. पण कोणत्या जावानीजमध्ये? सगळी अडचण तिथेच आहे.

या भाषेत समोरच्याच्या वयामानाप्रमाणे क्रियापदंच नव्हे, साधे शब्दही बदलतात. बरोबरीच्यांशी न्गोको, वडीलधाऱ्यांशी क्रामा. शेताला न्गोकोत ‘सावाह’, क्रामात ‘साबिन’. पाणी ‘बान्यू’, तेच क्रामात ‘तोया’. उभं भात ‘पारी’, क्रामात ‘पान्तुन’. सत्तरीच्या माणसाला सरकारी कागद न्गोकोत सूचना देऊ लागला, तर ते सरळ अरेतुरे होतं. क्रामात मान राहतो, पण घरी आणि बांधावर त्याच्या तोंडी ‘पारी’च असतं.

त्यात जावानीज या शेतकऱ्यांच्या कानावरची भाषा आहे. छापील मजकूर हाती येतो तो बहुतेक इंडोनेशियनच. रोमन लिपीतलं जावानीज लेखनही जो तो आपापल्या परीने करतो. ‘वदी’ म्हणजे भ्यालेला आणि ‘वडी’ म्हणजे वाळू. आपल्याकडे द आणि ड वेगळे आहेत, तिथे हा फरक एका ‘एच’ अक्षरावर टिकतो आणि लिहिताना ते अक्षर हमखास गळतं.

म्हणून वाक्यं सोप्या इंडोनेशियनमध्ये असावीत आणि वस्तूंची नावं शेतकऱ्याची. भातावरच्या खोडकिड्याचं पत्रक घ्या. फुटव्यांच्या वेळी मधला पोंगा वाळून ओढताच हातात येतो, तो ‘सुंदेप’. लोंबी पांढरी, पोकळ, ताठ उभी राहते, ती ‘बेलुक’. हे शब्द गावातही चालतात आणि कृषी खात्यातही, ते तसेच ठेवावेत. तणासाठी पुस्तकी ‘गुल्मा’ नको, ‘सुकेत’ लिहावं. ‘लेमाह’ शब्द तर टाळावाच: इंडोनेशियनमध्ये तो अशक्त, जावानीजमध्ये जमीन. अशक्त रोपांबद्दलचं वाक्य म्हाताऱ्याला मातीबद्दलचं वाटेल. कीटकनाशकाला आपल्यासारखंच तिथेही ‘औषध’ म्हणजे ‘ओबात’ म्हणतात. तो शब्द जरूर वापरावा, पण त्याला लागूनच ठळक अक्षरांत ‘राचुन’, म्हणजे विष, छापावं. नुसत्या ‘ओबात’मुळे डबा स्वयंपाकघराच्या फळीवर जाऊन बसतो.

छपाईआधी मसुदा दोन-तीन वयस्कर शेतकऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मग कागद बाजूला ठेवून ‘आता काय काय करणार?’ असं विचारावं. जिथे अडखळतील तो शब्द बदलावा. नुसतं ‘कळलं का?’ विचारलं तर मोठ्या माणसासमोर भिडेने सगळेच ‘हो’ म्हणतात. आणि क्रामाची खरी जागा गटाच्या बैठकीत आहे. विस्तार अधिकाऱ्याने तेच पत्रक हातात धरून क्रामात समजावावं. तिथे मानही राहतो आणि शंकाही विचारता येते.

जाता जाता, लेखात जावानीजला दोनदा ‘बोली’ म्हटलं आहे. कोट्यवधी लोकांची, स्वतःची लिपी आणि शेकडो वर्षांचं साहित्य असलेली ती भाषा आहे. ही दुरुस्ती कृपया छापावी.

आपला,
एक नियमित वाचक