रोजचा दर आधी पूर्णांकात आणू नका: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. पगारपत्रकात रुपये पूर्ण करायला माझी हरकत नाही. ते कोणत्या पायरीवर करायचे, एवढेच ठरवून द्या, ही विनंती.

मासिक पगार २०,००० रुपये आणि भाजक २६ दिवसांचा धरा. रोजचा दर येतो ७६९.२३ रुपये. कामगाराचे २३ दिवस भरले, म्हणजे त्याला १७,६९२ रुपये ३१ पैसे मिळायला हवेत. पण अनेकदा दर आधीच ७६९ करून मग २३ ने गुणतात आणि १७,६८७ रुपये लावतात. दरातले तेवीस पैसे तेवीस वेळा कापले गेले. निव्वळ रकमेत हा फरक थोडा बदलतो, कारण टक्केवारीच्या कपातीही याच आकड्यावर बसतात. कपात १२ टक्के असेल, तर हाती १५,५६९ ऐवजी १५,५६५ पडतात. चार रुपयांसाठी तक्रार कोण करणार?

हिशेबनीस म्हणतात, कधी कमी कधी जास्त, शेवटी सारखेच होते. ते खरे नाही. पगार आणि भाजक तेच राहिले की गळणारा अपूर्णांकही दर महिन्याला तोच आणि त्याच दिशेला. शेजारच्या टेबलावरच्या २०,३०० पगाराच्या माणसाचा दर ७८०.७७ वरून ७८१ होतो आणि त्याला तेवढाच फायदा होत राहतो. एकूण पगारखर्चात हे जुळून जाईलही, पण त्याने पहिल्याची भरपाई होत नाही.

त्यातही गंमत अशी की हाच ७६९ चा दर गैरहजेरीच्या तीन दिवसांना लावून पगारातून वजा केला, तर १७,६९३ येतात. दर तोच, हजेरी तीच, फक्त गुणायचे दिवस वेगळे, आणि सहा रुपयांचा फरक. ओव्हरटाइममध्ये तर तासाचा दरही पुन्हा पूर्ण करतात. ७६९ भागिले ८ म्हणजे ९६.१२५, तो ९६ केला, दुप्पट १९२. वीस तासांचे ३,८४० होतात. मूळ पगारावरून थेट काढले तर ३,८४६.

ज्याचा रोजचा दरच मुळात करारात ठरलेला आहे, त्याला हा प्रश्न नाही. मासिक पगारदाराला मात्र तपासता येते: कपातीआधीच्या रकमेतला कमी-जास्त फरक भरलेल्या दिवसांनी भागावा. उत्तर दरातल्या गळलेल्या पैशांइतके आले, तर रुपये कोणत्या पायरीवर पूर्ण केले ते कळते.

म्हणून नियम असा हवा: मासिक पगार आधी दिवसांनी गुणावा, मग भाजकाने भागावा आणि त्या ओळीची रक्कम शेवटी एकदाच पूर्ण करावी. भाजक आणि चार दशांश स्थळांपर्यंतचा दर पत्रकावर छापावा. सध्या बऱ्याच पत्रकांवर दर नसतोच, त्यामुळे कामगाराला वरचा भागाकार करून पडताळण्याची सोयच राहत नाही.

आपला,
एक पगारदार