बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र: रीलमधली साखर आणि कलम १६

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव,
सप्रेम नमस्कार.

खानापुरात माझं औषधांचं दुकान आहे. दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या नेणारी काही गिऱ्हाइकं अचानक यायची थांबली, म्हणून चौकशी केली. तेव्हा एकाच रीलचं नाव पुढे आलं. आपल्या भागातल्या मराठीत बोलणारा, लाखभर फॉलोअर्स असलेला एक तरुण त्यात चूर्णाचा डबा हातात धरून सांगतो, "तीस दिवसांत साखर गेली, गोळ्या सोडा." पुरावा म्हणून ग्लुकोमीटरवरचे दोन आकडे दाखवतो, आधी २४० आणि नंतर ११०. पहिला जेवणानंतरचा की उपाशीपोटीचा, हे सांगत नाही. जेवणानंतरचा एक आणि उपाशीपोटीचा एक आकडा शेजारी ठेवला की कुठलंही चूर्ण गुणकारी दिसतं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी त्यात नाहीच, कारण तीस दिवसांत तिच्यावर पुरता परिणाम दिसतही नाही.

डब्यावर सवलत मिळवायला त्याच्याच नावाचा कूपन कोड आहे. विक्रेत्याशी त्याचं देणंघेणं आहे, याची याहून स्पष्ट खूण मला तरी सापडणार नाही. तरी जाहिरात असल्याचा उल्लेख मजकुराच्या तळाशी, हॅशटॅगच्या गर्दीत, "more" दाबल्याशिवाय न दिसणारा: #collab. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ चे नियम आणि जानेवारी २०२३ ची मार्गदर्शिका सांगते की असा संबंध ठळकपणे कळवावा, हॅशटॅगांत मिसळू नये, आणि व्हिडिओत तो दिसावा तसा ऐकूही यावा. मराठीत ऐकणाऱ्या आजीला तळाच्या इंग्रजी हॅशटॅगचा काय उपयोग?

हे मी एका कार्यालयात घेऊन गेलो. तिथे उत्तर मिळालं, विक्रेता महाराष्ट्रातला, व्हिडिओ इंटरनेटवरचा, आमच्या हद्दीत येत नाही. सीमाभागात हद्दीचं कारण सगळ्यांना पाठ असतं. पण प्राधिकरण केंद्राचं आहे, त्याला निपाणीपलीकडची सीमा आडवी येत नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम १६ थेट आपल्याकडे बोट दाखवतं: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तक्रार आल्यास जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रात चौकशी करून अहवाल प्राधिकरणाला द्यायचा. कलम १७ नुसार तक्रार आपल्याकडे लेखी किंवा ईमेलने देता येते. ती मराठीत असली तरी चालते, कारण राज्यघटनेचं कलम ३५० संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. रील मराठीत चालते तर तक्रारीने का अडावं?

पुढची शिक्षा प्राधिकरण ठरवतं. कलम २१ खाली उत्पादकाला, तसंच जाहिरात करणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्याला एक वर्ष, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, कुठल्याही वस्तूची जाहिरात करायला मनाई करता येते. रीलवर पोट असणाऱ्याला या मनाईची धास्ती दंडाहून जास्त असेल, असं मला वाटतं. एक सवलत मात्र आहे. दाव्याची खातरजमा पुरेशा काळजीने केली हे त्याने दाखवलं तर तो सुटतो. म्हणून चौकशीत पहिला प्रश्न हाच हवा की डबा हातात घेण्यापूर्वी त्याने कुठला अहवाल पाहिला. "मी स्वतः घेतलं, मला बरं वाटलं" हे मधुमेह बरा होण्याच्या दाव्याला उत्तर होऊ शकत नाही. शिवाय मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचार कायद्यानेही निषिद्ध आहे, तेव्हा खातरजमेचा मुद्दाच फारसा उरत नाही.

या सगळ्यात गिऱ्हाइकाचे पैसे परत मिळत नाहीत, हेही खरं. त्यासाठी त्याला वेगळं ग्राहक आयोगात जावं लागेल. माझी मागणी त्याआधीची आहे. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते, रील उडवता येते. म्हणून तक्रार हाती येताच आपल्या कार्यालयाने लिंक, तारीख, मजकूर उघडून दाखवणारं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि कूपन कोड नोंदवून घ्यावा. कूपनवर किती ऑर्डर गेल्या आणि किती कमिशन आलं, ही माहिती प्राधिकरणाने मागवावी असं अहवालात लिहावं. दंड ठरवताना किती लोकांवर परिणाम झाला आणि ते किती दुर्बळ गटातले आहेत, हे पाहण्याची तरतूद कलम २१ मध्येच आहे, आणि ही गिऱ्हाइकं बहुतेक साठीपुढची आहेत.

माझ्याकडचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर, डब्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि लिंकांची यादी या पत्रासोबत आपल्या आवक विभागात देत आहे. पोचपावती व तक्रार क्रमांक मिळावा, ही विनंती.

आपला,
खानापुरातील एक औषध विक्रेता